नोकरदारांसाठी करविषयक विनामूल्य वेबिनार : निमंत्रण आणि नावनोंदणीच्या मसुद्याचा आढावा

मालकाने आपल्या नोकरवर्गास फॉर्म १६ देण्याची कायदेशीर मुदत १५ जून आहे आणि नोकरदाराने प्राप्तिकराचे विवरणपत्र सादर करण्याची मुदत सामान्यतः ३१ जुलै. या दोन तारखांच्या दरम्यान जे साडेसहा आठवडे येतात, त्या काळात मुंबई-पुण्यापासून नाशिक-नागपूरपर्यंतचे कर सल्लागार नोकरदारांना उद्देशून विनामूल्य वेबिनारांची निमंत्रणे धाडू लागतात. या निमंत्रणांचा हेतू बहुधा चांगला असतो, आणि व्याख्यात्याचा अभ्यासही पुष्कळदा खरा असतो. परंतु निमंत्रणाचा मसुदा मात्र अखेरच्या दिवशी, एखाद्या जुन्या जाहिरातीवरून उतरवून काढला जातो, आणि त्यामुळे ज्यांना त्या व्याख्यानाची गरज आहे त्यांना ते आपल्यासाठी आहे हे कळत नाही, आणि ज्यांना गरज नाही ते गर्दी करतात. हा मसुदा कसा असावा, त्यात काय सांगावे, काय मागावे आणि काय मुळीच मागू नये, या संपूर्ण प्रश्नाचा आढावा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

माझे प्रतिपादन आरंभीच सांगून टाकतो. असे निमंत्रण म्हणजे माणसे गोळा करण्याचे साधन नव्हे, तर माणसांना स्वतःची निवड स्वतः करू देण्याचे साधन होय. ते वाचून योग्य माणसाने नाव नोंदविले, एवढ्याने त्याचे काम पुरे होत नाही. ज्याच्या परिस्थितीस ते व्याख्यान लागू नाही, त्यानेही दोन मिनिटांत ते ओळखून आपली संध्याकाळ वाचविली, तरच मसुदा उतरला असे म्हणता येईल. पुढील सर्व विवेचन या एका कसोटीवरून निघते.

कोणते वर्ष, कोणता प्रश्न

करविषयक निमंत्रणातील पहिला दोष वर्षासंबंधीचा असतो. ‘यंदाचा कर कसा वाचवाल?’ असे शीर्षक जून महिन्यात दिले, तर त्याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही अर्थांचे लोक येऊन बसतात. ज्याला विवरणपत्र भरावयाचे आहे, त्याचा संबंध ३१ मार्चला संपलेल्या वर्षाच्या उत्पन्नाशी असतो. त्या उत्पन्नासाठी नवी गुंतवणूक करून वजावट मिळविण्याची वेळ निघून गेलेली असते, आणि उरलेला प्रश्न फक्त अस्तित्वात असलेले तपशील योग्य रीतीने मांडण्याचा व करपद्धती निवडण्याचा असतो. उलट ज्याला चालू वर्षाच्या पगारातून होणाऱ्या करकपातीची चिंता आहे, त्याने मालकाकडे कोणती करपद्धती कळवावी आणि वर्षभरात कोणती तजवीज करावी, हा प्रश्न निराळा आहे. २०२६ च्या उन्हाळ्यात या संदिग्धतेत आणखी एक भर पडते. कारण १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ अंमलात येतो, तर आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र मात्र १९६१ च्या जुन्या अधिनियमान्वयेच भरावयाचे असते. एकाच महिन्यात एकाच नोकरदाराच्या टेबलावर दोन कायदे असतात, आणि नव्या कायद्यात कलमांचे क्रमांकही बदललेले असतात.

यावरून मसुद्याचे दोन नियम निघतात. शीर्षकात उत्पन्नाचे वर्ष अंकांत लिहावे, ‘यंदा’ किंवा ‘या हंगामात’ असे शब्द टाळावे. आणि वजावटींची नावे कलमांच्या क्रमांकांनी न देता वस्तूंच्या नावांनी द्यावीत. ‘८०सी’ हा शब्द नोकरदारांच्या ओठी बसलेला आहे हे खरे. परंतु ‘भविष्यनिर्वाह निधी, विमा हप्ता व मुलांचे शिक्षणशुल्क’ असे लिहिले, तर ते जुन्या कायद्याच्या वाचकालाही कळते, नव्याच्या वाचकालाही कळते, आणि ज्याने नुकतीच पहिली नोकरी धरली आहे त्यालाही कळते.

वर्ष ठरल्यावर प्रश्न ठरवावा, आणि तो एकच असावा. ‘करनियोजन, गुंतवणूक, विवरणपत्र, नोटिसा आणि भांडवली नफा’ अशी पंचसूत्री एका तासात उलगडण्याचे आश्वासन जो देतो, त्याचे निमंत्रण कोणालाच आपले वाटत नाही. नोकरदाराला या काळात पडणारा प्रश्न खरे म्हणजे एकच असतो: जुनी करपद्धती घ्यावी की नवी? आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी पद्धती ही मूळ धरलेली पद्धती झाली आहे, म्हणजे जुनी हवी असल्यास ती मुद्दाम निवडावी लागते; ज्याला व्यवसायाचे उत्पन्न नाही अशा पगारदाराला ही निवड दरवर्षी नव्याने आणि विवरणपत्रातच करता येते; मात्र ती मूळ मुदतीच्या आत भरलेल्या विवरणपत्रातच करता येते, मुदत टळून गेल्यावर भरलेल्या विवरणपत्रात जुन्या पद्धतीचा दरवाजा बंद होतो. मालकाकडे वर्षारंभी नवी पद्धती कळविलेली असली, तरी विवरणपत्र भरताना ती बदलता येते, ही गोष्ट अजूनही पुष्कळ नोकरदारांना ठाऊक नसते. आणि याच एका वाक्याचे निमंत्रण अनेकांना खरोखर उपयोगी पडेल.

आश्वासनाची मर्यादा

दुसरा आणि सर्वांत गंभीर दोष आश्वासनाचा. ‘पन्नास हजार रुपये कर वाचवा’ हे वाक्य लिहिण्यास सोपे आहे, पण ते सत्य आहे की असत्य हे ऐकणाऱ्याच्या पगारावर, घरभाड्यावर आणि गृहकर्जावर अवलंबून असते, आणि निमंत्रण लिहिणाऱ्यास यांपैकी काहीही माहीत नसते. एका उदाहरणाने हे स्पष्ट करतो.

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाचा २०२५-२६ सालचा ढोबळ पगार १३,५०,००० रुपये आहे असे धरू. नव्या पद्धतीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाता करपात्र उत्पन्न १२,७५,००० उरते. पहिल्या चार लाखांवर कर नाही, पुढील चार लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, त्यापुढील चार लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि उरलेल्या ७५,००० वर १५ टक्क्यांनी ११,२५० मिळून ७१,२५० रुपये कर होतो. त्यावर ४ टक्के उपकर धरला, की ७४,१०० रुपये. आता हाच गृहस्थ जुन्या पद्धतीत गेला, तर प्रमाणित वजावट ५०,०००, महाराष्ट्राचा व्यवसायकर २,५००, भविष्यनिर्वाह निधी इत्यादींचे १,५०,०००, आरोग्यविम्याचे २५,००० आणि घरभाडे भत्त्याची सूट १,८०,००० एवढे सर्व वजा करूनही ९,४२,५०० रुपये करपात्र राहतात, आणि उपकरासह कर १,०५,०४० रुपये होतो. म्हणजे इतक्या पावत्या सांभाळूनही नवी पद्धती त्याला सुमारे एकतीस हजारांनी स्वस्त पडते. परंतु याच गृहस्थाचे गावाकडे स्वतःचे घर असून त्यात त्याचे आईवडील राहतात आणि त्या घराच्या कर्जावर तो वर्षाला २,००,००० रुपये व्याज भरतो, असे निघाले, तर जुन्या पद्धतीतील करपात्र उत्पन्न ७,४२,५०० वर येते, कर उपकरासह ६३,४४० होतो, आणि पारडे फिरते: आता जुनी पद्धती १०,६६० रुपयांनी स्वस्त.

एकाच पगाराच्या माणसाचे उत्तर एका व्याजाच्या दाखल्याने उलटते, तेव्हा निमंत्रणात रकमेचे आश्वासन देणे म्हणजे न पाहिलेल्या दप्तरावर निकाल देणे होय. प्रामाणिक मसुदा रकमेऐवजी अट सांगतो: ‘ज्यांना घरभाडे भत्ता मिळतो आणि ज्यांचे गृहकर्जही चालू आहे, त्यांच्या बाबतीत जुनी पद्धती अजूनही लाभदायक ठरू शकते, आपल्या बाबतीत काय, हे ताडून पाहण्याची रीत या तासात दाखविली जाईल.’ हे वाक्य कमी चमकदार आहे. पण ते वाचताच ज्याच्यापाशी या दोन्ही गोष्टी आहेत तो सावध होतो, आणि ज्याच्यापाशी एकही नाही त्याला आपले उत्तर बहुधा नव्या पद्धतीत आहे हे तिथेच उमगते.

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्यही अशाच प्रकारे जपून वापरावे. ते खरे आहे, पण नव्या पद्धतीत, भारतात निवासी असलेल्या व्यक्तीस मिळणाऱ्या करसवलतीमुळे खरे आहे. आणि पगारदारास ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने पगाराच्या भाषेत ती मर्यादा १२,७५,००० होते. मात्र विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नावर ही सवलत चालत नाही. ज्याचे पगाराचे करपात्र उत्पन्न दहा लाख आहे आणि ज्याने शेअर बाजारात एक लाखाचा अल्पमुदतीचा नफा मिळविला आहे, त्याला पगारावर कर भरावा लागत नसला, तरी नफ्यावर २० टक्के दराने २०,००० आणि उपकर ८०० असे २०,८०० रुपये भरावेच लागतात. निमंत्रणात हे सगळे सांगावे असे नाही. पण ‘शेअर अथवा म्युच्युअल फंडांची विक्री केली असल्यास निराळे नियम लागतात’ एवढी एक ओळ असलीच पाहिजे, नाहीतर अपुरे सत्य असत्याचे काम करते.

परताव्याचे आश्वासन तर सर्वथा वर्ज्य समजावे. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर विभागाने देशभरात दीडशेहून अधिक ठिकाणी तपासणी केली, ती विवरणपत्रांत खोट्या वजावटी घालून परतावा मिळवून देणाऱ्या आणि त्यात वाटा घेणाऱ्या मध्यस्थांच्या शोधासाठी होती. महाराष्ट्रही त्यातून सुटला नव्हता. ‘जास्तीत जास्त परतावा’ हे शब्द ज्या निमंत्रणात आले, ते सुज्ञ नोकरदाराने आता संशयाने वाचावे अशी स्थिती आहे, आणि सचोटीच्या सल्लागाराने त्या संशयाच्या रांगेत स्वतःहून जाऊन उभे राहण्याचे कारण नाही.

खरी निकड आणि बनावट निकड

मुदतीचा धाक हा जाहिरातीचा जुना शिरस्ता आहे, आणि वेबिनारांच्या निमंत्रणांत तो ‘फक्त सात जागा शिल्लक’ या रूपाने अवतरतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, त्यांत तेरा प्रकार वर्णिले आहेत, आणि त्यांत पहिलाच प्रकार खोटी निकड निर्माण करण्याचा आहे. पाचशे माणसे बसू शकतात अशा दालनाला सात जागांचे कुंपण घालणे हे म्हणूनच केवळ अभिरुचीला सोडून नाही, तर नियमालाही सोडून आहे.

आणि खरी निकड हाताशी असताना खोटीची गरजही नाही. ३१ जुलैनंतर भरलेल्या विवरणपत्रात जुनी पद्धती निवडता येत नाही, आणि उशिराबद्दल पाच हजार रुपयांपर्यंत शुल्क बसते. ही निकड कायद्याने दिलेली आहे, ती तारखेसह साध्या वाक्यात सांगितली की पुरे. मात्र तारखेपुढे ‘आजच्या स्थितीप्रमाणे’ असे लिहून मसुद्याची तारीखही नोंदवावी. कारण २०२५ साली ही मुदत प्रथम १५ सप्टेंबरपर्यंत आणि मग आणखी एक दिवस वाढविण्यात आली होती, आणि जुनी निमंत्रणे महिनोन्‌महिने हातोहात फिरत राहतात.

जागांची संख्या खरोखर मर्यादित असेल, तर ती का मर्यादित आहे ते सांगावे. झूमच्या विनामूल्य खात्यावर बैठक चाळीस मिनिटांत तुटते आणि शंभरच माणसे बसतात; ज्याने एका तासाचे निमंत्रण अशा खात्यावर दिले, त्याचे प्रश्नोत्तर सुरू होण्यापूर्वीच दालन बंद होते. म्हणून निमंत्रण लिहिण्यापूर्वी खात्याची मुदत व क्षमता तपासावी, आणि मगच वेळ छापावी.

व्याख्याता कोण, आणि विनामूल्य म्हणजे काय

‘कर सल्लागार’ या शब्दाखाली सनदी लेखापाल, वकील, प्राप्तिकर व्यवसायी आणि केवळ अनुभवावर काम करणारे असे निरनिराळे लोक येतात, आणि वाचकाला यांतील भेद समजण्याचा हक्क आहे. म्हणून व्याख्यात्याच्या परिचयात अर्हता आणि कामाचे क्षेत्र एवढेच स्वच्छपणे लिहावे. सनदी लेखापालाच्या बाबतीत आणखी एक बंधन आहे: १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टान्वये परिपत्रक, जाहिरात अथवा अन्य मार्गाने अशिलांची मागणी करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. अशा व्यक्तीचे वेबिनार शैक्षणिक असू शकते. परंतु निमंत्रणात ‘आमच्याकडून विवरणपत्र भरून घ्या’ अशी ओळ आली, तर निमंत्रणाचे स्वरूप बदलते. संस्थेची चालू आचारसंहिता समोर ठेवून परिचयाचा परिच्छेद लिहावा आणि शंका असल्यास पेढीचे नाव व दूरध्वनी त्यातून गाळावा. शिकविणाऱ्याचे वजन त्याने कमी होत नाही.

‘विनामूल्य’ या शब्दालाही आता निश्चित अर्थ आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांनुसार प्रतिसाद देण्याच्या अपरिहार्य खर्चाखेरीज काहीही द्यावे लागत असेल, तर ती वस्तू विनामूल्य म्हणता येत नाही. वेबिनाराच्या शेवटी सशुल्क सल्ल्याविषयी पाच मिनिटे बोलले जाणार असेल, तर तसे निमंत्रणातच सांगावे: ‘शेवटची पाच मिनिटे आमच्या सशुल्क सेवेविषयी असतील; ज्यांना नको असेल त्यांनी त्यापूर्वी निघण्यास हरकत नाही.’ असे लिहिल्याने माणसे निघून जातात ही भीती फारशी खरी नाही. उलट मागाहून कळले, की त्याआधीच्या पंचावन्न मिनिटांवरचा विश्वासही डळमळतो.

काय विचारावे, काय विचारू नये

नावनोंदणीच्या अर्जाकडे वळू. येथे मुख्य तत्त्व असे, की ज्या रकान्याचा उपयोग वेबिनार होण्यापूर्वी किंवा होताना करावयाचा नाही, तो रकाना अर्जात नसावा. नाव हवे, कारण संबोधनास लागते. ईमेल किंवा भ्रमणध्वनी, दोहोंपैकी एक हवा, कारण दुवा पाठवावयाचा आहे. याखेरीज एकच निवडीचा प्रश्न उपयुक्त ठरतो: ‘पुढीलपैकी आपल्याला काय लागू आहे? घरभाडे देतो, गृहकर्ज आहे, शेअर वा फंड विकले, वर्षात नोकरी बदलली, यांपैकी काही नाही.’ या उत्तरांवरून व्याख्याता आपले उदाहरण निवडू शकतो. वर्षात नोकरी बदलणारे बरेच निघाले, तर दोन मालकांनी दोनदा धरलेली प्रमाणित वजावट विवरणपत्रात एकदाच मिळते आणि म्हणून अखेरीस कर भरावा लागतो, हा भाग तो आधी घेईल.

पॅन, आधार, जन्मतारीख, मालकाचे नाव आणि पगाराचा आकडा मात्र मुळीच विचारू नये. व्याख्यान ऐकण्यास यांतील काहीच लागत नाही, आणि ज्या काळात परताव्याच्या नावाने खोटे संदेश येतात, त्या काळात पॅन मागणारा अर्ज भल्या माणसाचा असला तरी भामट्याच्या अर्जासारखाच दिसतो. ‘आपला प्रश्न लिहा’ हा मोकळा रकाना ठेवलाच, तर त्याखाली ‘पॅन, पगार अथवा खाते क्रमांक लिहू नये’ अशी सूचना द्यावी. कारण अडचणीतला माणूस तिथे आपले सर्व दप्तर उघडून ठेवतो, आणि ते सांभाळण्याची जबाबदारी मग अर्ज घेणाऱ्यावर येते. प्राप्तिकर संकेतस्थळाचा पासवर्ड किंवा ओटीपी कोणत्याही टप्प्यावर मागितला जाणार नाही, हेही अर्जातच लिहावे.

या जबाबदारीचे कायदेशीर रूप डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य कर्तव्ये टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहेत. त्याचा गाभा मात्र आजच अंगीकारण्याजोगा आहे: संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट हेतूपुरती आणि त्या हेतूस आवश्यक तेवढ्याच माहितीची असावी, ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे, आणि सूचना वाचकाला इंग्रजीत अथवा आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय असावी. व्यवहारात याचा अर्थ असा, की वेबिनाराचा दुवा पाठविण्याची संमती आणि पुढे इतर माहिती पाठविण्याची संमती या दोन निरनिराळ्या चौकटी असाव्यात, दुसरी चौकट आधीच खूण केलेली नसावी, आणि ती रिकामी ठेवणाऱ्यालाही दुवा मिळावा.

व्हॉट्सॲपचा वापर करणाऱ्यांनी एका चुकीपासून विशेष जपावे. नोंदणी केलेल्या सर्वांना एका गटात घातले, की प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकास दिसतो, आणि दोनशे अपरिचितांची यादी दोनशे हातांत जाते. प्रसारण यादी वापरली, तर तो संदेश फक्त ज्यांनी पाठविणाऱ्याचा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो. आणि मग ‘दुवा आलाच नाही’ अशा तक्रारी येतात. म्हणून एकतर ईमेल मुख्य धरावे, नाहीतर नोंदणीनंतरच्या पोचसंदेशात ‘हा क्रमांक जतन करा’ असे सकारण सांगावे.

एक नमुना

व्याख्यात्याचा परिचय व मुदतीची ओळ वगळता वरील गोष्टी एकत्र आणल्या, तर निमंत्रणाचा मसुदा साधारणतः असा होतो:

‘पगार २०२५-२६ : विवरणपत्र भरण्यापूर्वी जुनी करपद्धती की नवी?

शनिवार, २७ जून २०२६, सायंकाळी ६ ते ७. झूमवर, मराठीत. चाळीस मिनिटे विवेचन, पंधरा मिनिटे प्रश्न, शेवटची पाच मिनिटे आमच्या सशुल्क सेवेविषयी. शुल्क नाही.

ज्यांचे उत्पन्न पगार, व्याज आणि फार तर एका घराचे आहे, त्यांच्यासाठी. आपल्या फॉर्म १६ वरून दोन्ही पद्धतींचा कर स्वतः कसा ताडून पाहावा, हे एका उदाहरणाने दाखविले जाईल. ज्यांना व्यवसायाचे अथवा स्वतंत्र कामाचे उत्पन्न आहे, त्यांचे करपद्धती बदलण्याचे नियम निराळे आहेत. ते या वेळी घेतले जाणार नाहीत.

सोबत ठेवा: फॉर्म १६, गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला, घरभाड्याच्या पावत्या. यांतील काहीही आम्हाला पाठवू नका.

हे सामान्य मार्गदर्शन आहे; कोणाच्या वैयक्तिक प्रकरणावर सल्ला दिला जाणार नाही. ध्वनिचित्रमुद्रण नोंदणी करणाऱ्यांस सात दिवस उपलब्ध राहील. प्रश्न विचारणाऱ्यांची नावे त्यात दिसणार नाहीत.’

बटणावर ‘कर वाचवा’ असे न लिहिता ‘नाव नोंदवा’ एवढेच लिहावे, कारण ते दाबल्याने कर वाचत नाही, नाव नोंदले जाते. नोंदणीनंतरच्या पोचसंदेशात दिवस, वेळ, दुवा केव्हा येईल आणि नाव कसे मागे घ्यावे, या चार गोष्टी असाव्यात. पुढे आदल्या संध्याकाळी एक आणि त्या दिवशी एक तास आधी एक, अशी दोनच स्मरणपत्रे पुरतात. दुवा पूर्ण लांबीचा द्यावा. आखूड केलेला दुवा कोठे नेईल हे वाचकाला दिसत नाही, आणि करासंबंधीच्या संदेशात त्याने तो न उघडणे हेच शहाणपणाचे असते.

मसुदा फसला हे कसे ओळखावे

निमंत्रण गेल्यानंतर येणारी पत्रे हीच त्याची परीक्षा होय, आणि ती आकड्यांपेक्षा नेमकी असते. ‘हे गेल्या वर्षाचे की चालू वर्षाचे?’ असे कोणी विचारले, तर शीर्षकातील वर्ष कमी पडले. ‘मी निवृत्त आहे, मला चालेल का?’ असे पत्र आले, तर पात्रतेची ओळ अपुरी होती. कारण निवृत्तिवेतनही पगाराच्याच शीर्षाखाली येते आणि ते सांगावयास हवे होते. प्रश्नोत्तरात घाऊक व्यापारी आणि स्वतंत्र काम करणारे अधिक बोलू लागले, तर कोणासाठी नाही हे सांगण्यास आपण कचरलो. पुष्कळांनी नावे नोंदवून थोडेच आले, तर वेळ, वार किंवा स्मरणपत्र तपासावे. पण पुष्कळ आले आणि विसाव्या मिनिटास निम्मे उठून गेले, तर दोष व्याख्यानाचा असण्याइतकाच आश्वासनाचाही असू शकतो, म्हणून शीर्षकाची आणि प्रत्यक्ष विवेचनाची रुजवात घालून पाहावी. ही पत्रे टिपून ठेवली, तर पुढील वर्षीचा मसुदा त्यांच्यावरूनच लिहिता येतो.

निमंत्रणाची मर्यादाही ओळखली पाहिजे. कितीही नेमके लिहिले, तरी ते कोणाच्या विवरणपत्राची हमी देऊ शकत नाही, आणि एका तासाचे व्याख्यान प्रत्येकाच्या पावत्या तपासू शकत नाही. परंतु आपला पगार कोणत्या पद्धतीत ताडून पाहावा, त्यासाठी कोणते कागद काढावे आणि तो निर्णय कोणत्या तारखेच्या आत घ्यावा, एवढे ज्याला निमंत्रण वाचूनच कळले, त्याचा व्याख्यानाला न येताही फायदा झाला. आणि सल्लागाराने आपल्या मसुद्याचे यश त्या न आलेल्या माणसाच्या हिशेबातही धरावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.